“अर्जंट आहे, फोन करू नका”: मालकाच्या नावाने आलेला खोटा मेल कसा ओळखायचा?

या आठवड्याचा व्हिडिओ मालकाच्या नावाने येणाऱ्या खोट्या मेलवर आहे. व्हिडिओत स्क्रीनवरची उदाहरणं पटापट पुढे जातात, म्हणून तीच इथे निवांत वाचता येतील अशी लिहितोय. तुमच्याकडे अकाउंट्स बघणारं कुणी असेल तर त्यांनाही हे वाचायला द्या. कारण हा मेल मालकाला येतच नाही. तो मालकाच्या नावाने, पेमेंट करणाऱ्या माणसाला येतो.

असा मेल ओळखायचा म्हटलं की बहुतेक जण स्पेलिंगच्या चुका आणि विचित्र पत्ता शोधायला सांगतात. ते बघायचंच, आणि कसं बघायचं तेही खाली सांगतो. पण त्यापेक्षा पक्की खूण वेगळी आहे. हा मेल पैसे मागतो आणि त्याच वेळी खात्री करायची वाट बंद करतो. “मी मीटिंगमध्ये आहे”, “फोन घेता येणार नाही”, “कुणाला सांगू नका”, “बिल नंतर पाठवतो” ही सगळी त्या एकाच गोष्टीची रूपं आहेत. हे आधी आपल्याच राज्यातल्या दोन प्रकरणांत बघू.

मुंबई, नोव्हेंबर 2018

टेक्निमॉन्ट ही मोठे प्लांट उभारणारी इटालियन कंपनी. तिची भारतातली कंपनी मुंबईत आहे. नोव्हेंबर 2018 मध्ये या भारतीय कंपनीच्या प्रमुखांना ग्रुपच्या सीईओंच्या नावाने मेल यायला लागले. पत्ता खऱ्या पत्त्यासारखाच दिसत होता. विषय होता चीनमधल्या एका कंपनीच्या खरेदीचा, आणि ती खरेदी अत्यंत गुप्त आहे असं सांगितलेलं होतं.

मेलनंतर कॉन्फरन्स कॉल झाले. त्यात कुणी सीईओ झालं, कुणी स्वित्झर्लंडमधला मोठा वकील, कुणी इतर वरिष्ठ अधिकारी. नियमांच्या अडचणीमुळे इटलीतून पैसे पाठवता येत नाहीत, म्हणून भारतातून पाठवा, असं कारण देण्यात आलं. मुंबईतून एका आठवड्यात तीन हप्ते गेले: 56 लाख डॉलर, 94 लाख डॉलर आणि 36 लाख डॉलर. एकूण 1 कोटी 86 लाख डॉलर, म्हणजे तेव्हाचे साधारण 130 कोटी रुपये. हाँगकाँगच्या बँकांत पैसे पोचले आणि लगेच काढूनही घेतले गेले. चौथा हप्ता काढायचा प्रयत्नही चालू होता. डिसेंबरमध्ये ग्रुपचे चेअरमन भारतात आले तेव्हा कळलं की अशी कुठली खरेदी चाललेलीच नाही.

यात लक्षात घ्या की आवाज ऐकू आले होते. बोलणं झालं म्हणजे खात्री झाली असं नाही. कॉल त्यांनी लावला होता, आणि कोण बोलतोय हेही त्यांनीच सांगितलं होतं. मुंबईतून कुणी आपल्याकडच्या जुन्या नंबरवर इटलीला फोन लावून विचारलं असतं, तर पहिल्या हप्त्याआधीच हे उघडं पडलं असतं.

पुणे, सप्टेंबर 2022

दुसरं प्रकरण लस बनवणाऱ्या सीरम इन्स्टिट्यूटचं. इथे ईमेलच्या ऐवजी व्हॉट्सॲप होतं, बाकी खेळ तोच. कंपनीच्या एका संचालकांना सीईओ अदर पूनावाला यांच्या नावाने मेसेज आला, की काही खात्यांवर तातडीने पैसे पाठवा. 7 आणि 8 सप्टेंबर 2022 या दोन दिवसांत वेगवेगळ्या खात्यांवर मिळून 1 कोटी 1 लाख 1 हजार 554 रुपये गेले. पूनावालांनी असा मेसेज पाठवलाच नव्हता हे नंतर लक्षात आलं आणि बंडगार्डन पोलीस ठाण्यात तक्रार झाली.

दोन्ही कंपन्यांत शिकलेली, अनुभवी माणसं होती. कुणी पासवर्ड दिला नव्हता की ओटीपी सांगितला नव्हता. बँकेतून पैसे नेहमीच्याच पद्धतीने, अधिकार असलेल्या माणसांनीच पाठवले होते. म्हणून इथे बँकेचं सॉफ्टवेअर अडवत नाही आणि अँटिव्हायरसही अडवत नाही. अडवू शकते ती पेमेंट करणारी व्यक्ती.

आता आपल्याकडे: कुपवाडचं एक उदाहरण

समजण्यासाठी एक काल्पनिक युनिट घेऊ. कुपवाड एमआयडीसीत पंपाचे पार्ट बनवणारा कारखाना, पंचवीस-तीस माणसं. मालक पुण्याला मशीनच्या प्रदर्शनाला गेलेत आणि सकाळीच त्यांनी स्टॉलचा फोटो स्टेटसला टाकलाय. ऑफिसमध्ये अकाउंट्स बघणाऱ्या ताई आहेत. कंपनीचं खरं डोमेन krishnapumps.example आहे असं धरू. (शेवटी .example मुद्दाम लिहिलंय, म्हणजे कुणाचा खरा पत्ता इथे येणार नाही. तुमच्याकडे तिथे .in किंवा .com असेल.)

दुपारी पावणेबाराला ताईंना मालकांच्या नावाने मेल येतो. मेल इंग्रजीत आहे, अर्थ एवढाच: “जागेवर आहात का? एक काम लगेच करायचंय. मी मीटिंगमध्ये आहे, फोन घेऊ शकत नाही. मेलवरच उत्तर द्या.”

या पहिल्या मेलमध्ये पैसे नाहीत, लिंक नाही, फाइलही जोडलेली नाही. त्यामुळे स्पॅमच्या चाळणीत अडकण्यासारखं त्यात फारसं काही नसतं. त्याचं काम दोनच गोष्टींचं असतं: समोरचं माणूस उत्तर देतंय का ते बघणं, आणि फोनची वाट सुरुवातीलाच बंद करणं. ताई “हो सर, सांगा” असं लिहितात. एकदा “हो” म्हटलं की पुढचं काम नाकारणं अवघड जातं, हे समोरच्याला चांगलं माहीत असतं.

दुसरा मेल: “दिवाळीसाठी काही डीलर्सना सरप्राइज गिफ्ट द्यायचंय. दहा-दहा हजारांची पाच गिफ्ट कार्डं ऑनलाइन घ्या आणि त्यांचे कोड मला इथेच पाठवा. सरप्राइज आहे, ऑफिसमध्ये बोलू नका. पैसे संध्याकाळी आल्यावर देतो.”

आणि कोड गेले की तिसरा: “एका कन्सल्टंटची फी आजच द्यायचीय. खालील खात्यावर 4,85,000 आरटीजीएस करा. बिल उद्या मिळेल.”

आता या मेलमधल्या खुणा एकेक करून बघू.

पहिली खूण: नाव आणि पत्ता

मेलच्या वर जे नाव दिसतं ते पाठवणाऱ्याने स्वतः टाईप केलेलं असतं. मी उद्या एक फुकटचा मेल आयडी काढला आणि नावाच्या रकान्यात तुमच्या मालकाचं नाव लिहिलं, तर तुम्हाला तेच नाव दिसेल. संचालकांची नावं कंपनीच्या वेबसाइटवर असतात, सरकारच्या कंपनी नोंदणीतही बघायला मिळतात. आणि मालक बाहेरगावी आहेत हे स्टेटस सांगतंच.

मोबाइलवर तर बऱ्याचदा फक्त नावच दिसतं. पत्ता बघायला नावाखालच्या ओळीवर किंवा बारीक बाणावर टॅप करावं लागतं. आपल्या ताईंनी टॅप केलं असतं तर असं काहीसं दिसलं असतं:

```
From: "Managing Director" <md@krishnapurnps.example>
Reply-To: md.office@freemail.example
```

पहिली ओळ सावकाश वाचा. pumps मधला m इथे m नाहीये. r आणि n शेजारी शेजारी ठेवलेत, आणि छोट्या स्क्रीनवर ते m सारखे दिसतात. अशी दुसरी सोंगंही असतात: l च्या जागी 1, मध्येच एक जादा s, किंवा .in च्या जागी .co. डोळ्यांनी पकडणं अवघड वाटत असेल तर एक सोपी युक्ती करा. मेल बॉक्समध्ये मालकाचा जुना, खरा मेल शोधा आणि दोन्ही पत्ते कॉपी करून एकाखाली एक पेस्ट करा. अक्षरं मोठी केली की फरक लगेच दिसतो.

दुसरी ओळ म्हणजे तुम्ही रिप्लाय दाबल्यावर उत्तर कुठे जाणार तो पत्ता. तो वरच्या पत्त्यापेक्षा वेगळा असेल आणि मालकाचा नेहमीचा नसेल, तर तिथेच थांबा.

व्हिडिओत मी जीमेलमधलं Show original दाखवलंय. कॉम्प्युटरवर मेल उघडा, उजवीकडच्या तीन टिंबांवर क्लिक करा, तिथे ते सापडतं. त्यात SPF, DKIM आणि DMARC अशा तीन ओळी असतात. त्यांच्यापुढे FAIL दिसलं तर तो मेल त्या डोमेनच्या अधिकृत व्यवस्थेतून आलेला नसण्याची शक्यता मोठी आहे. पैशाचा विषय असेल तर त्यावर विसंबू नका.

पण PASS दिसलं म्हणून मेल खरा ठरत नाही, आणि इथेच बरेच जण फसतात. PASS चा अर्थ एवढाच, की मेल खरोखर त्या डोमेनवरून आला. ते डोमेन कुणाचं आहे हे ती ओळ सांगत नाही. चोराने rn वालं डोमेन स्वतः विकत घेऊन नीट सेट केलं असेल, तर त्याचा मेलही तिन्ही ठिकाणी PASS दाखवेल. फुकटच्या मेल सेवेवरून पाठवलेला मेलही PASS दाखवेल.

दुसरी खूण: बोलायची पद्धत

ही खूण मशीनला कळत नाही, पण ऑफिसमधल्या माणसाला चटकन कळते. तुमचे मालक तुम्हाला कशी हाक मारतात? कुपवाडच्या उदाहरणातले मालक रोज व्हॉट्सॲपवर “ताई, ते बिल बघा जरा” असं मराठीत लिहितात, नाहीतर सरळ फोन करतात. असा माणूस अचानक इंग्रजीत “डिअर, काइंडली कन्फर्म” असं लिहायला लागला तर प्रश्न पडायला हवा.

फक्त भाषा चांगली आहे म्हणून मेल खरा मानू नका. शुद्ध इंग्रजी लिहिणारे चोर भरपूर आहेत. बघायचं ते हे, की ही पद्धत आपल्या माणसाची आहे का. ज्या मालकांनी वर्षभरात कधी मेलवर पेमेंट सांगितलं नाही, ते आजच मेलवर का सांगतायत?

तिसरी खूण: गिफ्ट कार्डाचा कोड का मागतायत?

गिफ्ट कार्ड हे बक्षीस म्हणून द्यायचं असतं. दिवाळीला डीलरला, कामगाराला कार्ड देणं आपल्याकडेही चालतं. पण खऱ्या व्यवहारात कार्ड त्या डीलरच्या हातात जातं किंवा त्याच्या नंबरवर पाठवलं जातं, आणि कुणाला किती दिलं याची यादी ऑफिसमध्ये असते. इथे यादी नाही, नावं नाहीत. कोड तेवढे “मला पाठवा” असं आहे.

कोड म्हणजेच पैसे. ज्याने तो आधी टाकला त्याचं कार्ड. चोराला बँकेत खातं लागत नाही, नाव द्यावं लागत नाही. कोड मिळाला की तो त्यावर खरेदी करतो किंवा कमी भावात पुढे विकून टाकतो.

आणि मागणी नेहमी “पाच कार्डं, दहा कार्डं” अशी का असते, तेही समजून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशा प्रीपेड गिफ्ट कार्डावर जास्तीत जास्त 10,000 रुपये असू शकतात, आणि त्यात परत पैसे भरता येत नाहीत. म्हणून पन्नास हजार हवे असतील तर पाच कार्डं मागावी लागतात. “दहा-दहा हजारांची इतकी कार्डं घ्या आणि कोड मला पाठवा” हे वाक्य दिसलं तर बाकी काही तपासत बसू नका. तो मेल खोटा धरा आणि मालकांना फोन लावा.

चौथी खूण: पैसे ज्या खात्यात जाणार ते खातं

तिसऱ्या मेलमध्ये बँक खातं आहे. तिथे विचारायचा प्रश्न सोपा आहे: या नावाची पार्टी आपल्या टॅलीत आहे का? खऱ्या पेमेंटच्या आधी काहीतरी कागद असतोच. पर्चेस ऑर्डर, बिल, चलन, नाहीतर निदान कोटेशन तरी. खोट्या मेलमध्ये कागद नेहमी “उद्या” मिळणार असतो, कारण तो नसतोच.

बिल पाठवलंच, तर जीएसटी नंबर बघा. जीएसटीच्या पोर्टलवर Search Taxpayer मध्ये तो नंबर टाकला की नोंदणीतलं नाव दिसतं. ते नाव, बिलावरचं नाव आणि बँक खात्याचं नाव, ही तिन्ही जुळायला हवीत. फी कन्सल्टिंग कंपनीची आणि खातं भलत्याच एखाद्या माणसाचं, असं असेल तर पेमेंट थांबवा.

खात्याचं नाव बघायला आता मदतही आहे. आरटीजीएस आणि एनईएफटी करताना पैसे खाते क्रमांकावर जातात. तुम्ही नाव काय टाईप केलं याने फरक पडत नसे. रिझर्व्ह बँकेने बँकांना 1 एप्रिल 2025 पर्यंत अशी सोय द्यायला सांगितली, की खाते क्रमांक आणि आयएफएससी टाकल्यावर पैसे पाठवायच्या आधीच बँकेत नोंदलेलं नाव दिसेल. नेट बँकिंगमध्ये नवीन बेनिफिशियरी टाकताना ते नाव वाचायची सवय लावा. पण याची मर्यादाही ओळखा. चोराने मेलमध्ये भाड्याच्या खातेदाराचंच नाव दिलं असेल, तर नाव बरोबर जुळेल. नाव जुळलं म्हणजे पार्टी खरी असं नाही. ती आपल्या वहीत आहे का, हा प्रश्न उरतोच.

आयएफएससीही वाचा. पहिली चार अक्षरं बँक सांगतात, पाचवं शून्य असतं, शेवटची सहा अक्षरं शाखा सांगतात. पार्टी सांगलीची म्हणतायत आणि शाखा दुसऱ्याच राज्यातल्या गावची निघाली, तर कारण विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आणि एक. पूर्वी शनिवारी संध्याकाळी असा मेल आला तर बँक बंद, म्हणून सोमवारपर्यंत विचार करायला वेळ मिळायचा. एनईएफटी डिसेंबर 2019 पासून आणि आरटीजीएस डिसेंबर 2020 पासून रात्रंदिवस चालू आहे. तो आडोसा आता राहिला नाही. थांबायचं ते आपणच.

पत्ता खरा असेल तर?

आतापर्यंतच्या खुणांमधली पत्त्याची खूण एका परिस्थितीत पूर्ण निकामी होते. समजा साताऱ्याच्या एखाद्या पतसंस्थेच्या अध्यक्षांचा मेल पासवर्डच चोराच्या हाती लागला. मग मेल अध्यक्षांच्या खऱ्या पत्त्यावरून येणार, जुन्या संभाषणाच्या खालीच येणार, भाषासुद्धा जुने मेल वाचून त्यांच्यासारखीच लिहिलेली असणार. Show original मध्येही सगळं PASS. मॅनेजरने कितीही बारकाईने पत्ता वाचला तरी हाती काही लागणार नाही.

अशा वेळी चोर आणखी एक काम करून ठेवतो. मेलच्या सेटिंगमध्ये तो असा फिल्टर लावतो, की मॅनेजरची उत्तरं थेट कचऱ्यात जातील किंवा त्याच्याकडे फॉरवर्ड होतील. म्हणजे खऱ्या अध्यक्षांना काही दिसतच नाही. शंका असेल तर जीमेलच्या सेटिंगमध्ये Filters and Blocked Addresses आणि Forwarding and POP/IMAP ही दोन पानं उघडून बघा. आपण न लावलेलं काही दिसलं तर ते काढा, पासवर्ड बदला आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा.

पण पैसे जायच्या आधी वाचवणारी गोष्ट एकच उरते, आणि ती म्हणजे आपण लावलेला फोन. मॅनेजरने आपल्या मोबाइलमधल्या, आधीपासून सेव्ह असलेल्या नंबरवर फोन करायचा. मेलच्या खाली दिलेल्या नंबरवर नाही, आणि समोरून आलेला कॉलही धरायचा नाही. “अध्यक्ष साहेब, अमुक खात्यावर इतके पाठवायचा मेल आलाय, तुमचाच आहे ना?” एवढं विचारायला अर्धा मिनिट लागतो. फोन उचलला नाही तर पेमेंट थांबतं. दुसऱ्या संचालकांना विचारा, घरी फोन करा, संध्याकाळपर्यंत वाट बघा. खऱ्या कामाचं अर्ध्या दिवसाने फारसं बिघडत नाही.

मालकांसाठी दोन ओळी

माझ्या बॅचमध्ये मी मालकांना सांगतो की ही सगळी जबाबदारी अकाउंटंटवर टाकू नका. ताई फोन का करत नाहीत? कारण मागे कधीतरी मीटिंगमध्ये फोन केला म्हणून बोलणी खाल्लेली असतात. चोर “फोन करू नका” असं लिहितो तेव्हा तो याच भीतीवर भरवसा ठेवतो.

म्हणून स्वतःच्या सहीने एक कागद करा आणि अकाउंट्सच्या टेबलासमोर लावा. मजकूर असा चालेल: “नवीन खात्यावर कुठलंही पेमेंट, खाते क्रमांकातला बदल किंवा गिफ्ट कार्डाची खरेदी माझ्याशी फोनवर बोलल्याशिवाय करायची नाही. मी कुठल्याही मीटिंगमध्ये असलो तरी फोन करावा. यामुळे उशीर झाला तर जबाबदारी माझी.” मग पहिल्यांदा कुणी फोन केला की वैतागू नका. तुम्ही एकदा जरी “एवढ्यासाठी फोन?” म्हणालात तरी त्या कागदाचा उपयोग संपला.

जमत असेल तर नेट बँकिंगमध्ये मेकर-चेकर लावून घ्या. एकाने पेमेंट टाकायचं आणि दुसऱ्याने मंजूर करायचं. करंट खात्याला ही सोय असते का, ते बँकेत विचारा. मात्र दोन्ही लॉगिन एकाच माणसाकडे ठेवलीत तर त्याला अर्थ नाही.

पैसे गेलेच असतील तर

आधी वेळ वाया घालवू नका. खात्यातून गेलेले पैसे काही वेळातच दुसऱ्या, तिसऱ्या खात्यांत फिरवले जातात. जिथे ते अजून पडून असतील तिथेच गोठवता येतात.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि त्याच वेळी दुसऱ्या कुणालातरी आपल्या बँकेला फोन करायला सांगा. हाताशी पेमेंटचा यूटीआर नंबर, रक्कम, वेळ, आपला खाते क्रमांक आणि ज्या खात्यावर गेले ते खातं, एवढं ठेवा. तक्रार cybercrime.gov.in वरही करता येते. गिफ्ट कार्डांचं असेल तर ज्या कंपनीचं कार्ड आहे तिच्या कस्टमर केअरला लगेच कार्ड नंबर द्या. कोड अजून वापरला गेला नसेल तर ते कार्ड बंद करण्याची विनंती करता येते.

मेल डिलीट करू नका. त्यात आत लपलेली माहिती असते, ती तपासाला लागते आणि स्क्रीनशॉटमध्ये ती येत नाही. Show original च्या पानावरून मेल डाउनलोड करून ठेवा. चोराला “आम्हाला कळलंय” असं लिहायचा मोह होईल, तो आवरा. आणि ज्या ताईंनी पेमेंट केलं त्यांच्यावर त्या क्षणी ओरडू नका. सगळ्यात जास्त माहिती त्यांच्याकडेच आहे. घाबरून त्यांनी दोन तास काही सांगितलंच नाही, तर तेवढ्या वेळात पैसे पुढे गेलेले असतात.

आजच एक काम करा. अकाउंट्स बघणाऱ्याच्या फोनमध्ये मालकांचा, घरचा आणि एका भागीदाराचा असे तीन नंबर सेव्ह आहेत ना ते तपासा. वरचा कागद प्रिंट काढून लावा. पुढच्या व्हिडिओत याच घरातला दुसरा प्रकार घेऊ: सप्लायरच्या नावाने “आमचं बँक खातं बदललंय” असं सांगणारं पत्र. भेटू.